भाजल्यानंतरचा पहिला दिवस: जखमेची खोली, सलाईन आणि वाहतं पाणी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळीत वॉर्डाच्या दाराशी नातेवाईक जे विचारतात, ते बहुतेक वेळा तीनच गोष्टींभोवती फिरतं. जखम किती खोल आहे? एवढं सलाईन कशाला? आणि घरी पाणी ओतलं ते बरोबर केलं की चूक? या तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून इथे एकत्र दिली आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. दोन वर्षांचं, बारा किलो वजनाचं मूल. सकाळी सात वाजता टेबलावरचं कापड ओढलं आणि नुकत्याच गाळलेल्या चहाचा मोठा मग अंगावर आला. हनुवटीखाली, मानेवर, छातीवर आणि उजव्या दंडावर चहा सांडला. हे मूल उदाहरणापुरतं आहे, पण लहान मुलांच्या वॉर्डात अशीच पोळलेली मुलं सर्वात जास्त येतात.

मूल पोळलं. पहिल्या मिनिटात काय करायचं?

कपडे काढा. चहाने भिजलेला शर्ट म्हणजे कातडीला चिकटून बसलेला गरम द्रव. तो अंगावर आहे तोवर भाजणं चालूच राहतं. डायपर असेल तर तोही काढा, कारण चहा ओघळून त्यात साठतो आणि हे हमखास विसरलं जातं. मनगटातली कडी, साखळी, गळ्यातला दोरा आत्ताच काढा. तासाभरात सूज आली की ते कापावे लागतात. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीचं कापून घ्या. पॉलिस्टरची साडी किंवा ड्रेस पेटून वितळल्यावर असं होतं.

त्यानंतर लगेच नळाखाली. साध्या गार पाण्याची बारीक धार, भाजलेल्या जागेवरून सतत वाहती, पूर्ण वीस मिनिटं. घड्याळ लावा. रडणाऱ्या लेकराला धरून उभ्या असलेल्या आईला पाच मिनिटंही अर्ध्या तासासारखी वाटतात, आणि म्हणूनच बहुतेक घरांत पाणी दोन-तीन मिनिटांतच बंद होतं.

चहा तर ओघळून गेला, कातडीही हाताला गार लागते. मग वीस मिनिटं कशासाठी?

हा सर्वात चांगला प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरात बाकी सगळं येतं.

पहिलं कारण उष्णतेचं. कातडीचा वरचा थर लवकर निवतो, पण आत शिरलेली उष्णता तिथेच रेंगाळते. कातडीच्या पेशी किती तापमान किती वेळ सोसू शकतात याचं मोजमाप मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ मध्ये केलं. ४४ अंश सेल्सिअसला मोठ्या माणसाची कातडी मरायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना साधारण पाच सेकंद पुरतात आणि ७० अंशांना एक सेकंदही पुरतो. नुकत्याच गाळलेल्या चहाचं तापमान याच टप्प्यातलं असतं, आणि मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. त्यामुळे आतलं तापमान ४४ च्या खाली जितक्या लवकर येईल तितक्या पेशी वाचतात.

पण एवढंच असतं तर चार-पाच मिनिटं पुरली असती. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. भाजलेल्या जागेचे तीन भाग पडतात. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९५३ मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली आणि आजही जळीत उपचारांचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. मधोमध, जिथे उष्णता सर्वात जास्त लागली, तिथल्या पेशी त्याच क्षणी मेल्या. त्या परत येत नाहीत. सर्वात बाहेर लालसर पट्टा असतो, तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि तो भाग आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मध्ये आणि खाली एक थर असतो, तिथल्या पेशी जिवंत आहेत पण रक्तप्रवाह मंदावला आहे. हा मधला थर पुढच्या दोन-तीन दिवसांत एकतर सावरतो, नाहीतर मरतो. मेला तर जखम तेवढी खोल आणि रुंद झाली.

वाहतं पाणी या मधल्या थराला वाचवतं. इजा झालेल्या पेशी हिस्टामीनसारखी रसायनं सोडतात. त्यांनी बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, सूज चढते, आणि सुजेने उरलेला रक्तप्रवाह आणखी दबतो. गारव्याने ही साखळी मंदावते. पेशींची प्राणवायूची गरजही कमी होते, त्यामुळे कमी रक्तावर त्या तग धरतात. म्हणून जागा हाताला गार लागली तरी पाणी चालू ठेवायचं. आणि म्हणूनच घटनेनंतर तीन तासांपर्यंत केव्हाही पाणी सुरू केलं तरी उपयोग होतो. तासाभराने दवाखान्यात पोचलात आणि घरी पाणी झालं नसेल, तर तिथे आधी नळ मागा.

याचा पुरावा माणसांतलाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात भाजलेल्या सुमारे अडीच हजार मुलांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन तासांच्या आत किमान वीस मिनिटं वाहतं पाणी मिळालेल्या मुलांत, कातडी लावायची शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून अधिक कमी होती. नळाचं पाणी सोडून घरात करता येण्यासारखा, एवढा फरक पाडणारा दुसरा कुठलाही उपाय मला माहीत नाही.

पाणी लावलं की फोड येतात, असं सासूबाई म्हणतात.

आपल्याकडे ही समजूत घराघरांत आहे आणि तिने फार नुकसान केलं आहे. फोड पाण्याने येत नाही. उष्णतेने कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटतो आणि गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपलेला द्रव त्या फटीत साठतो. त्याला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात कोणीतरी पाणी ओतलेलं असतं, आणि दोष पाण्यावर येतो. पाणी न लावताही तो फोड आलाच असता, बहुधा आणखी मोठा.

आलेले फोड घरी फोडू नका. रुग्णालयात मोठे फोड उघडले जातात, कारण खालची जमीन पाहिल्याशिवाय खोली कळत नाही. ते काम निर्जंतुक हातांनी व्हायला हवं.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी कढत असतं. आणि आमच्याकडे नळाला पाणीच नसतं. मग?

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये हा खरा प्रश्न आहे. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचं पाणी भाजलेल्या जागेवर मुळीच घेऊ नका. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर धार घेऊन पाहा. पाइपातलं तापलेलं पाणी निघून गेल्यावर साधं येत असेल तर चालेल. अभ्यासांत वापरलेलं पाणी साधारण १५ अंशांचं होतं. आपल्याकडच्या नळाचं त्याहून गरम असतं, तरी ४४ अंशांपासून ते पुष्कळ दूर आहे. २५ अंशांचं पाणीही काम करतं.

नळ नसेल तर माठातलं, रांजणातलं किंवा हौदातलं स्वच्छ पाणी तांब्याने सावकाश, न थांबता ओता. धार जोरात नको, बारीक पुरते. हात किंवा पाय असेल तर बादलीत बुडवून ठेवता येतो, फक्त पाणी हलतं ठेवा आणि कोमट झालं की बदला, कारण भाजलेल्या जागेलगतचं पाणी तापून तिथेच थांबलं तर उष्णता निघणं थांबतं. वाहत्या पाण्याचा आग्रह याचसाठी असतो. पाणी अगदीच कमी असेल तर ओल्या सुती फडक्यांची जोडी ठेवा. एक जखमेवर, एक पाण्यात, आणि मिनिट-दोन मिनिटांनी अदलाबदल. हे तिसऱ्या क्रमांकाचं आहे, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

बर्फ लवकर गार करेल ना? आणि टूथपेस्ट, हळद, बटाटा?

बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात. ज्या मधल्या थराचं रक्त आधीच मंदावलं आहे, त्याचं उरलंसुरलंही तुटतं, आणि कातडी बर्फाने वेगळी भाजते. फ्रीजचं अतिथंड पाणीही नको.

टूथपेस्ट, हळद, शाई, कणीक, तूप, केळं, किसलेला बटाटा यांपैकी काहीच आत शिरलेली उष्णता बाहेर काढत नाही. शिवाय डॉक्टरांना रंग पाहून खोली ठरवायची असते. हळदीने पिवळी किंवा शाईने निळी झालेली जखम आधी घासून धुवावी लागते आणि ते मुलाला भयंकर दुखतं. घरातली पांढरी बर्न क्रीमसुद्धा रुग्णालयात जाणार असाल तर लावू नका, तिच्याखाली जखमेचा खरा रंग दिसत नाही.

पाणी झाल्यावर धुतलेलं मऊ सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ फिल्म जखमेवर नुसती ठेवा. हाताभोवती गुंडाळू नका, सूज आल्यावर ती आवळते.

पाण्याने मुलाला थंडी भरणार नाही का?

भरू शकते, ही काळजी रास्त आहे. भाजलेली कातडी अंगातली ऊब धरून ठेवू शकत नाही आणि लहान मूल लवकर गारठतं. म्हणून फक्त भाजलेल्या जागेवर पाणी घ्या आणि बाकी अंग कोरडं करून चादरीत गुंडाळा. पंखा आणि एसी बंद ठेवा. ओठ निळसर झाले, हुडहुडी भरली किंवा मूल सुस्त वाटलं तर पाणी थांबवा आणि ऊब द्या. मोठ्या माणसाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त अंग भाजलं असेल तर वीस मिनिटांचा हट्ट धरू नका. आग विझवा, थोडा वेळ पाणी घ्या, कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळा आणि १०८ ला फोन करा. तिथे अंगातली ऊब जाणं हाच मोठा धोका असतो.

डॉक्टर जखमेची खोली कशावरून ठरवतात?

कातडीचे दोन थर असतात. वरचा कागदासारखा पातळ, खालचा जाड. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी या जाड थरात असतात. जखम भरून येते ती केसांच्या मुळांशी आणि ग्रंथींशी उरलेल्या पेशींतून. म्हणून त्यांतल्या किती वाचल्या, एवढंच खोली पाहताना शोधायचं असतं.

फक्त वरचा थर दुखावला तर कातडी लाल होते, झोंबते, पण फोड येत नाही. उन्हाने भाजल्यासारखी. आठवडाभरात काही मागे न ठेवता जाते. त्यापुढची पायरी म्हणजे जाड थराचा वरचा भाग. इथे फोड येतात. फोडाखालची जमीन ओलसर, गुलाबी असते आणि वाऱ्याची झुळूक लागली तरी दुखते. बोटाने किंवा निर्जंतुक बोळ्याने दाबलं की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. याचा अर्थ खालचं रक्त वाहतं आहे. ही जखम सहसा दोन आठवड्यांत भरते.

त्याहून खोल गेलं की चित्र बदलतं. जमीन ठिपकेदार, कुठे पांढुरकी, कुठे गडद लाल दिसते. ही गडद लाली फसवी असते. दाबलं तरी ती पांढरी पडत नाही, कारण ते वाहतं रक्त नसून फुटलेल्या वाहिन्यांतून सांडून तिथेच अडकलेलं रक्त असतं. दुखणं कमी, स्पर्श बोथट. भरायला तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागतात, आणि तीन आठवड्यांपुढे गेलेली जखम जाड, आखडणारा व्रण ठेवते. म्हणून इथे बऱ्याचदा मांडीची कातडी काढून लावावी लागते. आणि सर्वात खोल म्हणजे दोन्ही थर गेले. कातडी पांढरी किंवा तपकिरी, कडक, चामड्यासारखी, कधी काळी पडलेली. दाबल्यावर काही बदलत नाही, सुई टोचली तरी कळत नाही.

जखम दुखत नाही म्हणतो, म्हणजे हलकी असेल ना?

उलट. न दुखणारी पांढरी जखम सर्वात खोल असते, कारण दुखणं सांगणाऱ्या मज्जातंतूंची टोकंच जळून गेली आहेत. शांत पडलेला रुग्ण पाहून घरचे निर्धास्त होतात आणि त्यात मोलाचे तास जातात.

पहिल्या दिवशी "वरवरचं आहे" म्हणाले, तिसऱ्या दिवशी "खोल आहे". नेमकं चुकलं कोण?

बहुतेक वेळा कोणीच नाही. वर सांगितलेला मधला थर पहिल्या दिवशी जिवंत असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यातला काही भाग मेला तर तीच जखम खोल झालेली असते. अनुभवी डॉक्टरांचाही नुसत्या नजरेचा अंदाज पहिल्या दिवशी बऱ्याच वेळा चुकतो. त्यामुळे शहाणा डॉक्टर "आत्ता असं दिसतंय, ४८ ते ७२ तासांनी पुन्हा पाहू" एवढंच सांगतो. त्याला टाळाटाळ समजू नका. काही केंद्रांत लेझरने कातडीतला रक्तप्रवाह मोजणारं यंत्र असतं, पण तेही पहिल्या दोन दिवसांनंतरच भरवशाचं ठरतं.

आपल्या मुलाच्या बाबतीत छातीवरचा भाग गुलाबी, ओला आणि दाबल्यावर लगेच रंग परत येणारा आहे. हनुवटीखालच्या घडीत मात्र चहा साठून राहिला होता, तिथला रुपयाच्या नाण्याएवढा पट्टा गडद लाल आहे आणि दाबल्यावर फिका पडत नाही. छाती पंधरवड्यात भरेल अशी अपेक्षा ठेवता येते. मानेच्या घडीवर तिसऱ्या दिवशी पुन्हा नजर टाकायची आणि तेव्हाच काय ते ठरवायचं. एका माणसाची सगळी जखम एकाच खोलीची क्वचितच असते.

"बारा टक्के भाजलंय" म्हणजे काय?

अंगाच्या एकूण कातडीचा किती हिस्सा भाजला, ते. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटं मिटून धरलेला, म्हणजे साधारण एक टक्का. मुलाचा तळहात मुलासाठी. बापाच्या तळहाताने मोजलं तर आकडा साफ चुकतो. आपल्या मुलाची मान व हनुवटी मिळून दोन तळवे, छाती सहा आणि दंड व खांदा चार, असे बारा. मोठ्या भाजण्यात मोठ्या माणसासाठी नऊचा हिशोब वापरतात: डोकं नऊ, प्रत्येक हात नऊ, प्रत्येक पाय अठरा, पुढचं धड अठरा, पाठ अठरा. तान्ह्या बाळाचं डोकंच अठरा टक्के असतं, म्हणून हा हिशोब मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही.

फक्त लाल झालेली, फोड न आलेली कातडी या आकड्यात धरायची नसते. ती धरली तर टक्के फुगतात आणि सलाईनही गरजेपेक्षा जास्त जातं. ही चूक वारंवार होते.

चहाने पोळलं, रक्त तर एक थेंब गेलं नाही. मग सलाईन कशाला?

रक्त बाहेर आलं नाही, पण रक्तातलं पाणी गेलं. भाजल्यानंतर काही मिनिटांतच जखमेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. एरवी लाल पेशी आणि प्रथिनं आत धरून ठेवणाऱ्या त्या भिंतींतून पाणी, मीठ आणि प्रथिनं भोवतालच्या मांसात झिरपतात. थोडं फोडांत जातं, थोडं ड्रेसिंगमध्ये, आणि सर्वात जास्त सुजेत. मोठ्या माणसात २०-२५ टक्क्यांच्या पुढे भाजलं की न भाजलेल्या भागातल्या वाहिन्याही गळू लागतात. गळती पहिल्या आठ-बारा तासांत सर्वात जोरात असते आणि चोवीस तासांच्या आसपास कमी होते. पहिल्या दिवसाचा हिशोब वेगळा का, ते यातून कळतं.

हे कळायला वेळ लागला. भाजलेली माणसं जळक्या कातडीच्या विषाने मरतात, असा समज पूर्वी होता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात रियाल्टो नावाच्या चित्रपटगृहाला आग लागली. येल विद्यापीठातल्या फ्रँक अंडरहिल यांनी त्या रुग्णांच्या फोडांतला द्रव तपासला तेव्हा तो रक्तातल्या द्रवाशी मिळताजुळता निघाला. म्हणजे माणूस आतल्या आत आपलंच रक्तद्रव्य गमावत होता, आणि ते भरून देता येण्यासारखं होतं.

बारा किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून सुमारे एक लिटर रक्त असतं. त्यातून पहिल्या दिवशी किती झिरपतं ते पुढच्या उत्तरात पाहा, म्हणजे सलाईनची निकड लक्षात येईल.

किती सलाईन द्यायचं हे कसं ठरतं?

मुलांत साधारण दहा टक्क्यांपुढे आणि मोठ्यांत वीस टक्क्यांपुढे भाजलं असेल तर शिरेतून द्रव लागतो. सुरुवातीच्या अंदाजासाठी डॅलसमधल्या पार्कलंड रुग्णालयात बॅक्स्टर आणि शायर्स यांनी १९६८ मध्ये मांडलेलं सूत्र जगभर वापरतात. वजन गुणिले टक्के गुणिले चार मिली. आता बरेच ठिकाणी मोठ्यांसाठी दोनपासून आणि मुलांसाठी तीनपासून सुरुवात करतात. द्रव असतो रिंगर लॅक्टेट, कारण त्यातले क्षार रक्तातल्या क्षारांच्या जवळचे असतात.

आपल्या मुलाचा हिशोब असा:

३ मिली × १२ किलो × १२ टक्के = ४३२ मिली

यातलं अर्धं, म्हणजे २१६ मिली, पहिल्या आठ तासांत द्यायचं आणि उरलेलं पुढच्या सोळा तासांत. आता नीट लक्ष द्या. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात. दवाखान्यात आल्यापासून मोजलं तर हिशोब चुकतो. मूल सातला पोळलं आणि सलाईन लागायला दहा वाजले, तर आठ तास दुपारी तीनला संपतात आणि हातात पाचच तास उरतात. २१६ भागिले ५, म्हणजे तासाला सुमारे ४३ मिली. आठ तासांचा हिशोब तसाच लावला असता तर २७ मिलीच गेलं असतं, तेही गळती सर्वात जोरात असताना.

तीननंतर उरलेलं २१६ मिली सोळा तासांत, तासाला साडेतेरा मिली. लहान मुलाला याशिवाय रोजच्या गरजेचा द्रव वेगळा लागतो, साखर घातलेला, कारण मुलाच्या यकृतातला साखरेचा साठा लवकर संपतो. बारा किलोला तो तासाला ४४ मिली. म्हणजे तीन वाजेपर्यंत एकूण ८७.

मग एकदा आकडा लावला की झालं?

नाही, आणि इथेच खरी देखरेख सुरू होते. सूत्राने मिळतो तो फक्त सुरुवातीचा वेग. पुढचं लघवी सांगते. मुलाने दर तासाला किलोमागे एक मिली, म्हणजे बारा मिली लघवी करायला हवी. मोठ्या माणसाला किलोमागे अर्धा मिली पुरते. लघवी नीट होते याचा अर्थ मूत्रपिंडापर्यंत पुरेसं रक्त पोचतं, आणि तिथे पोचत असेल तर जखमेच्या मधल्या थरापर्यंतही पोचण्याची आशा असते. म्हणून नळी घातली तर घाबरू नका. तो मीटर आहे.

समजा अकराला सहा मिली आणि बाराला आठ मिली लघवी झाली. म्हणजे द्रव कमी पडतोय. तेव्हा रिंगर लॅक्टेटचा वेग ४३ वरून सुमारे ५२ करायचा आणि पुन्हा तासाने पाहायचं. दोनला चौदा मिली आली तर तोच वेग ठेवायचा. रक्तदाबावर विसंबून राहता येत नाही. मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी नाडी वेगाने चालते, हातपाय गार पडतात, मूल चिडचिडं किंवा सुस्त होतं.

सलाईन लावल्यावर चेहरा सुजला. सलाईन जास्त झालं का?

थोडी सूज येणारच. आत दिलेला द्रवही त्याच गळक्या वाहिन्यांतून झिरपतो. पहिल्या दिवशी सूज वाढत जाते आणि दोन-तीन दिवसांनी उतरू लागते. चेहरा-मान भाजली असेल तर डोकं उंचावर ठेवायचं.

पण जास्त सलाईनही खरंच घातक असतं. लघवी तासाला किलोमागे दोन मिलीच्या वर जात असेल आणि तरी कोणी वेग कमी करत नसेल, तर तो द्रव फुफ्फुसांत, पोटात आणि जखमेत साठतो. जखमेतली वाढलेली सूज मधल्या थराचा रक्तप्रवाह दाबते, म्हणजे वाचवायला निघालो तोच थर मरतो. कमी द्रवाने रक्त पोचत नाही, जास्त द्रवाने पोचलेलं दाबलं जातं. "लघवी किती झाली, वेग किती ठेवला?" हे सिस्टरना दर तासाला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तहान लागली म्हणतो. पाणी द्यावं का?

भाजलेली जागा लहान असेल, शुद्ध चांगली असेल, उलटी नसेल तर जरूर द्या. अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजा. मोठं भाजणं असेल तर नुसतं साधं पाणी पोटभर देऊ नका. मीठ गेलेलं असताना नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं, मुलांना झटके येऊ शकतात. शिवाय मोठ्या भाजण्यात आतडी सुस्तावतात आणि उलटी होते. रुग्णालय लांब असेल तर ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. मात्र चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा लगेच भूल द्यावी लागेल असं दिसत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

ॲसिड, चुना किंवा विजेने भाजलं तर हेच करायचं?

पाणी तेच, पण काही फरक आहेत. कोरडा चुना आधी झटकायचा, मग पाणी, तेही वीस मिनिटांपेक्षा बरंच जास्त वेळ. डोळ्यात गेला असेल तर डोळा धुतधुतच रुग्णालय गाठायचं. विजेच्या धक्क्यात आधी मेन स्विच बंद. वरची जखम चवलीएवढी दिसली तरी आतलं स्नायू जळालेलं असू शकतं, त्यामुळे वर दिलेला टक्क्यांचा हिशोब तिथे चालत नाही.

लहानशी जखमही रुग्णालयात न्यायची कधी?

चेहरा, हात, पाय, गुप्तांग किंवा सांध्यावर असेल तर टक्के न पाहता. हाताला किंवा छातीला कड्यासारखी वेढणारी असेल तर तातडीने, कारण खालून सूज वाढते आणि वरची कडक कातडी ताणत नाही. पांढरी, न दुखणारी जखम असेल, धूर नाकातोंडात गेला असेल, बाळ वर्षाच्या आतलं असेल, माणूस वयस्कर किंवा मधुमेही असेल तरीही न्या.

तिथे पोचल्यावर चार गोष्टी आधी सांगा: नेमकं किती वाजता भाजलं, पाणी केव्हा सुरू करून किती मिनिटं घेतलं, मुलाचं वजन किती, आणि शेवटची लघवी केव्हा झाली. वेळ फोनवर टिपून ठेवा. धावपळीत सात आणि आठ यांत गल्लत होते, आणि सलाईनचा वेग त्याच आकड्यावरून ठरतो.